पहिल्या पट्टीचा भाव

आंब्याच्या मोसमात देवगडच्या बाजूला घराघरांत एक कागद फार लक्ष देऊन वाचला जातो. पट्टी. वाशीच्या मार्केटात पाठवलेला माल कितीला गेला, याचा दलालाकडून आलेला हिशेब. एकूण पेट्या किती, त्यात पाच डझनी किती, सहा डझनी किती, कुठल्या भावाने गेल्या, गाडीभाडं आणि हमाली किती कापली, आणि शेवटी हातात काय पडलं. आता ती बऱ्याचदा मोबाइलवर फोटोच्या रूपाने येते, पण वाचायची रीत बदललेली नाही. नजर आधी भावाच्या रकान्यावर जाते, आणि तिथून लगेच मनातल्या मनात गेल्या पट्टीच्या भावावर. खालची बेरीज त्यानंतर.

गेल्या पट्टीकडे जाणारी ही जी उडी आहे, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. कारण पैसे गेल्याचं दुःख तेवढेच पैसे आल्याच्या आनंदापेक्षा मोठं का असतं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक लोक दुःखाकडे बघतात. मला वाटतं, आधी हे बघायला हवं की पैसे ‘गेले’ असं आपण कुठून मोजून ठरवलं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. घरची कलमं माझे थोरले चुलतभाऊ, अण्णा, आणि वहिनी सांभाळतात. पुढचे आकडे त्यांच्याच बागेतले आहेत, फक्त हिशेब डोक्यात राहावा म्हणून गोल करून घेतले आहेत.

आधी मूळ गोष्ट. नाणं उडवायचं. काटा पडला तर तुम्ही १००० रुपये द्यायचे, छापा पडला तर तुम्हाला काही रक्कम मिळणार. ती किती असली तर तुम्ही खेळाल? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. १००० ला कोणी तयार होत नाही. १२०० ला एखाददुसरा हात वर येतो, तोही शेजारच्याकडे बघत बघत. २००० च्या आसपास वर्ग हलायला लागतो. हिशेबाने १००१ रुपयांनासुद्धा खेळ फायद्याचा आहे, पण पोटात तसं वाटत नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी या पोटातल्या वाटण्याला रीतसर आकार दिला. माणूस आपल्याकडे एकूण किती आहे हे बघून सुखी-दुःखी होत नाही, एका ठरावीक बिंदूपासून वर गेलो की खाली आलो हे बघून होतो. आणि खाली येण्याचा उतार वर जाण्याच्या चढापेक्षा जास्त तीव्र असतो. १९९२ च्या निबंधात त्यांनी या तीव्रतेला आकडाही दिला: २.२५. म्हणजे १००० रुपये गेल्याचा चटका १००० रुपये मिळाल्याच्या आनंदाच्या सव्वादोन पट. त्यांच्याच मोजणीत मोठ्या रकमेचा आनंद रकमेच्या मानाने थोडा कमी कमी होत जातो, तेही धरलं तर १००० चा चटका भरून निघायला साधारण २५०० रुपये लागतात. वर्गात २००० ला हात वर यायला लागतात आणि २५०० ला बहुतेक सगळे येतात, ते या गणिताच्या जवळपासच आहे.

जुन्या अर्थशास्त्राकडे याचं एक उत्तर तयार होतं. पहिल्या हजाराची किंमत जास्त, पुढच्या हजाराची कमी. म्हणून हातचा हजार जाणं हे नवा हजार येण्यापेक्षा जड. ऐकायला पटतं. पण ज्याच्याकडे चार-पाच लाख आहेत, त्याच्यासाठी एक हजार इकडचा आणि एक हजार तिकडचा यांच्या किमतीत असा काय फरक पडणार? मॅथ्यू रेबिन या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली हे गणिताने दाखवून दिलं. समजा एखादा माणूस कितीही श्रीमंत असो वा गरीब, १०० गमवा किंवा ११० मिळवा असली नाण्याची पैज नाकारतो. आणि त्याचं कारण फक्त ‘पुढच्या रुपयाची किंमत कमी’ एवढंच असेल, तर त्याच माणसाने १००० गमवा किंवा वाटेल तेवढं मिळवा, अगदी कोट्यवधी मिळवा, हीसुद्धा पैज नाकारली पाहिजे. असं कोणी करत नाही. तेव्हा छोट्या रकमांचा चटका संपत्तीच्या हिशेबातून येत नाही. तो त्या बिंदूतून येतो.

आता बागेत येऊ.

एका वर्षी अण्णांनी ३०० पेट्या पाठवल्या. फवारण्या, राखण, काढणी, पेटी, पेंढा, गाडीभाडं असा सगळा मिळून पेटीमागे खर्च १३०० रुपये. मार्चअखेर पहिल्या ४० पेट्या गेल्या, ४००० च्या भावाने. एप्रिलच्या मध्यावर १०० पेट्या २५०० ने. मे महिन्यात, सगळ्या कोकणातला आंबा एकदम उतरला तेव्हा, उरलेल्या १६० पेट्या १६०० ने. बेरीज करा: १,६०,००० अधिक २,५०,००० अधिक २,५६,०००, म्हणजे ६,६६,०००. खर्च ३,९०,०००. राहिले २,७६,०००. कोणत्याही बागायतदाराला विचारा, हे वर्ष चांगलं गेलं असंच तो म्हणेल.

पण मे महिन्यात अण्णांच्या घरात चांगलं वर्ष चालू असल्यासारखं वातावरण नव्हतं. जेवताना बोलणं नव्हतं. प्रत्येक पट्टी आली की अण्णा उठून बाहेर खळ्यात जाऊन बसायचे. मी गेलो होतो तेव्हा म्हणाले, “गेल्या महिन्यात पेटी अडीच हजाराक गेली, आता सोळाशेक कशी देव?” आणि थोड्या वेळाने, “पैली तर चार हजाराक गेली होती.”

त्या १६० पेट्यांवर खर्च वजा जाता पेटीमागे ३०० रुपये सुटत होते, म्हणजे ४८,००० रुपये फायदा. अण्णांच्या मनातल्या वहीत मात्र मोजणी ४००० पासून होती. तिथून बघितलं तर पेटीमागे २४०० रुपये जात होते, आणि १६० पेट्यांचे मिळून ३,८४,०००. हे पैसे कधी कोणाच्या खिशात आलेच नव्हते. कोणी देणारही नव्हतं. मार्चमधला भाव हा मार्चमधल्या टंचाईचा भाव असतो, मेमधल्या आंब्याचा त्याच्याशी संबंध नसतो. पण एकदा तो डोळ्यांनी पाहिला की तो बिंदू होऊन बसतो, आणि त्याच्या खालचा प्रत्येक रुपया सव्वादोन पटीने लागतो.

हापूसच्या मोसमाची रचनाच अशी आहे की भाव वरून सुरू होतो आणि खाली येतो. म्हणजे ज्याला सुरुवातीचा आंबा मिळाला, जो खरं तर नशीबवान, त्याला पुढचे दोन महिने तोट्यात असल्यासारखं वाटणार. ज्याचा मोहोर उशिरा आला आणि ज्याने पहिलीच पट्टी १८०० ची बघितली, तो १६०० ला त्यामानाने शांत असतो, वर्षाअखेर त्याच्या हातात कमी पैसे असले तरी. त्यात भर म्हणजे मुहूर्ताच्या पेटीची बातमी. मोसमातली पहिली पेटी वाशीत पोचली, तिची पूजा झाली, अमुक हजारांना गेली, हे दरवर्षी छापून येतं. ती पेटी तुमची नसते, पण तो आकडा घराघरांत जाऊन बसतो. मला ही बातमी आवडत नाही. बागायतदाराच्या मनाचा बिंदू दुसऱ्याच कोणीतरी, भलत्याच कारणासाठी, वर सरकवून ठेवतो, असं मला दरवर्षी वाटतं.

नुसतं दुःखच व्हायचं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्रास असा की या दुःखाच्या भरात माणूस जुगार खेळतो, आणि तो जुगार आहे हे त्याला कळत नाही.

१९७९ च्या त्याच निबंधात एक जोडप्रश्न आहे. पहिला: ३००० नक्की मिळणार, किंवा शंभरात ऐंशी वेळा ४००० मिळणार आणि वीस वेळा काहीच नाही. काय घ्याल? ऐंशी टक्के लोकांनी नक्कीचे ३००० घेतले. आता तोच प्रश्न उलटा करून: ३००० नक्की जाणार, किंवा शंभरात ऐंशी वेळा ४००० जाणार आणि वीस वेळा काहीच जाणार नाही. ब्याण्णव टक्के लोकांनी पैज निवडली. सरासरीने त्या पैजेत ३२०० जातात, नक्कीच्या ३००० पेक्षा जास्त. तरीही. फायद्यात असलेला माणूस हातचं सोडत नाही, आणि तोट्यात असलेला, किंवा तोट्यात आहोत असं वाटणारा, ‘काहीच जाणार नाही’ या छोट्या शक्यतेमागे धावतो.

मे महिन्यात अण्णांच्या आढीत २० पेट्या तयार होत्या. आढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात थर लावून आंबा पिकायला ठेवतात ती. चौदा आणे तयार झालेलं फळ उतरवलं की ते आपल्या वेळाने पिकत जातं. खालच्या थरातला एखादा आंबा हातात घेतला की देठाजवळ रंग फिरलेला दिसतो, वास बदललेला असतो, आणि तिथून पुढे तो आंबा कोणाचं ऐकत नाही. भाव १६०० चालू होता. अण्णांचं म्हणणं, चार दिवस थांबू, भाव चढेल.

मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडला. आज दिल्या तर २० गुणिले १६००, म्हणजे ३२,०००. चार दिवस थांबलं तर २० पैकी ३ पेट्या जास्त पिकून जाणार, हे अण्णांनीच सांगितलं. त्यांचा घरी रस आटवायचा, साठं घालायची. राहिल्या १७. भाव चढून १९०० झाला तर १७ पेट्यांचे ३२,३००. भाव उतरून १३०० झाला तर २२,१००.

म्हणजे अण्णांचा अंदाज बरोबर ठरला तर फायदा ३०० रुपयांचा, आणि चुकला तर नुकसान ९,९०० चं. शांत डोक्याने ही पैज कोणी घेणार नाही. पण ४००० च्या उंचीवरून बघणाऱ्याला १६०० आणि १३०० हे दोन्ही खोलच दिसतात, त्यांच्यातला फरक पुसट होतो, आणि १९०० हा ‘थोडा तरी वर’ दिसतो. गेलेलं थोडं भरून काढायची ओढ इतकी असते की तीन पेट्या सडणार, हे स्वतःच्या तोंडाने सांगूनही बेरजेत धरायचं राहून जातं.

हे फक्त आंब्यात होतं असं नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९९० नंतर फ्लॅटचे भाव पडले होते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी तिथले १९९० ते १९९७ चे विक्रीचे व्यवहार तपासले आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं आणि आता विकलं तर तोटा दिसणार होता, ते मालक जास्त किंमत मागत. घेतलेली किंमत आणि आता येऊ शकणारी किंमत यांच्यात जो फरक, त्याच्या २५ ते ३५ टक्के जास्त. प्रत्यक्षात पदरात पडायची ती वाढ फार थोडी, त्या फरकाच्या ३ ते १८ टक्के, आणि त्यांची घरं विकली जायला जास्त वेळ लागायचा. स्वतः त्या घरात राहणाऱ्यांमध्ये हे गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं. पण फ्लॅट थांबू शकतो. वर्षभर कुलूप लावून ठेवला तरी भिंती तिथेच असतात. आंबा आढीत थांबत नाही, आणि झाडावर ठेवला तरी सुटका नाही: जास्त तयार होईपर्यंत झाडावर राहिलेल्या हापूसमध्ये साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, वाढतो, वळवाचा पाऊस आला की फळमाशी. आमच्याकडे या हट्टाची किंमत आठवड्याभरात वसूल होते.

आपण खरंच विचार करून थांबतो आहोत की फक्त तो जुना आकडा आपल्याला धरून ठेवतो आहे, हे ओळखायचा एक प्रश्न आहे. तो मी अण्णांना विचारला. समजा या २० पेट्या आपल्या नाहीत, शेजाऱ्यांच्या आहेत. आज १६०० ने रोख विकत घ्यायच्या आणि चार दिवसांनी विकायच्या. घेणार? अण्णांनी क्षणभरही लावला नाही. “मी काय खुळो झालंय?” म्हणाले. मग काही वेळ काहीच बोलले नाहीत. दुपारी पेट्या भरल्या.

या प्रश्नाने काम का होतं, ते सांगतो. विकत घ्यायचा म्हटलं की मोजणी १६०० पासूनच सुरू होते, ४००० तिथे येतच नाही. पेट्या त्याच, आंबा तोच, फक्त बिंदू हलतो.

इथे एक गैरसमज व्हायला नको. अण्णांना आंबा देववत नव्हता असं नाही. हातातली वस्तू सोडवत नाही, हा या विषयातला आणखी एक प्रसिद्ध प्रयोग आहे. कॉफीचे मग फुकट वाटले तर ज्यांना मिळाले ते विकायला जी किंमत मागतात ती न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या घरात निघते. पण विकण्यासाठीच पिकवलेल्या मालाला ते फारसं लागू पडत नाही, आणि किराणा दुकानदार साखर देताना हळहळत नाही हे आपण रोज बघतो. अमेरिकेत खेळाडूंच्या चित्रांची कार्डं विकणाऱ्यांच्या बाजारात जॉन लिस्ट यांनी प्रयोग केले, तेव्हा नवख्या लोकांना हातातली वस्तू बदलायला जड जात होतं, मुरलेल्या व्यापाऱ्यांना नाही. अण्णांचंही फळावर तसं अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते भावावर. वाशीतल्या दलालाला ही अडचण नसते, कारण त्याच्यासमोर रोज शेकडो पेट्या येतात-जातात आणि कालचा भाव त्याच्यासाठी काल संपलेला असतो.

त्या २.२५ बद्दलही जपून बोलायला हवं. तो निसर्गाचा नियम नाही. १९७९ चे निष्कर्ष २०२० साली १९ देशांत आणि १३ भाषांत चार हजारांवर लोकांवर पुन्हा तपासले गेले आणि बहुतांशी टिकले, ही मोठी गोष्ट आहे. पण अगदी छोट्या रकमांना तोटा आणि फायदा जवळजवळ सारखेच वाटतात, असं दाखवणारे अभ्यासही आहेत, आणि डेव्हिड गॅल व डेरेक रकर यांनी २०१८ मध्ये ‘तोटा नेहमीच जड’ या सरसकट विधानावरच हरकत घेतली. मला त्यातलं एवढं पटतं की रकमेप्रमाणे, सवयीप्रमाणे आणि समोर काय टांगणीला आहे त्याप्रमाणे हा उतार कमी-जास्त होतो.

आणि काही वेळा तोट्याची धास्ती ही मनाची खोड नसतेच, ते सरळ गणित असतं. ज्याने दलालाकडून उचल घेतली आहे, सोसायटीचं कर्ज आहे, आणि पावसाळ्यापूर्वी घराचं छप्पर शाकारायचं आहे, त्याचे १०,००० गेले तर तो पुन्हा व्याजाने पैसे आणणार. त्याच्यासाठी गेलेले १०,००० खरोखरच आलेल्या १०,००० पेक्षा मोठे आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा काढणीला आलेला आंबा झाडाखाली पडला. अशा जागी राहणारा माणूस सावध असतो, आणि त्याच्या सावधपणाला कोणी शहरातून येऊन मनाचा दोष म्हटलं तर मला राग येतो. माझं म्हणणं ज्या तोट्याने हातचं काही जात नाही, फक्त आठवणीतला आकडा दुखावतो, त्याबद्दल आहे.

पॉल सॅम्युअलसन या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एक किस्सा लिहून ठेवला आहे. जेवताना त्याने एका सहकाऱ्याला पैज देऊ केली: नाणं, हरलास तर १०० डॉलर दे, जिंकलास तर २०० घे. सहकारी म्हणाला, एकदा नाही खेळणार, १०० गेल्याचं मला २०० मिळाल्यापेक्षा जास्त लागेल. पण अशा शंभर पैजा देत असशील तर खेळतो. सॅम्युअलसनला हे विसंगत वाटलं. पण त्या सहकाऱ्याचं वागणं समजण्यासारखं आहे. शंभर पैजांची एकत्र बेरीज पाहिली तर एकूण तोट्यात निघायची शक्यता साधारण २३०० त १. एकेक नाणं पडताना बघत बसलं तर पन्नासएक वेळा चटका बसणारच. श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये शेअर बाजाराबद्दल हेच मांडलं: जो वरचेवर भाव बघतो त्याला तोटा वरचेवर दिसतो, आणि तो घाबरून जास्त फायद्याची पण चढउताराची गुंतवणूक टाळतो.

आता बागायतदाराच्या खिशात काय आहे? मोबाइल, आणि त्यात रोज सकाळी वाशीचे भाव टाकणारे ग्रुप. भाव कळायला हवा, त्याशिवाय माल कधी पाठवायचा ते ठरवणार कसं, हे खरं. पण भाव कळणं आणि रोज त्याची कालच्याशी तुलना करून अर्धा दिवस जळणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात नाण्याची शंभर पैजांची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही. नाणी एकमेकांपासून स्वतंत्र असतात. पेट्यांचं तसं नाही, वाशीत भाव पडला की सगळ्याच पेट्यांचा पडतो. म्हणून मोसमाची एकत्र बेरीज धोका कमी करत नाही. ती फक्त दर पट्टीला बसणारा चटका कमी करते. पण निर्णय बिघडतात ते त्या चटक्यानेच, त्यामुळे तेवढंही पुष्कळ आहे.

वहिनींनी हे कोणाकडून शिकलेलं नाही, पण त्यांची वही बघण्यासारखी आहे. शाळेची दोनशे पानी वही. पहिल्या पानावर मोसम सुरू व्हायच्या आधीच लिहिलेला पेटीमागचा खर्च, आणि तो मोठ्या अक्षरांत. पुढे प्रत्येक पट्टीची एक ओळ, आणि उजव्या कडेला आजवरची चढती बेरीज. भाव लिहिलेला असतो, पण बारीक. “त्याच्या वर येतला तां आपला,” पहिल्या पानावर बोट ठेवून त्या म्हणतात. त्यांचा बिंदू १३०० आहे, आणि तो त्यांनी फेब्रुवारीत, डोकं थंड असताना ठरवलेला आहे.

पण १३०० हाही अडकवणारा आकडा होऊ शकतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तसं झालं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाव ९०० वर आला. आता १३०० च्याही खाली. अण्णा म्हणाले, खर्चही निघत नाही, काढणी थांबवा. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या १३०० मधले ८०० फवारणीत, राखणीत, खतात कधीच गेलेले होते. आंबा काढला तरी गेले, नाही काढला तरी गेले. अजून हातात असलेला खर्च फक्त ५०० चा होता: काढणीचे १५०, आणि पेटी, भरणी, भाडं मिळून ३५०. म्हणजे ९०० च्या भावाने पेटीमागे ४०० रुपये घरात येत होते.

त्याला दुसरी तुलना एकच, कॅनिंग, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्यासाठी किलोवर आंबा देणं. पाच डझनी पेटीत साधारण १५ किलो फळ बसतं. कॅनिंगवाला त्या दिवसांत किलोला ३० देत होता, म्हणजे ४५०. पेटी नको, भरणी नको, भाडं नको, फक्त काढणीचे १५० वजा. राहिले ३००. पेटीचे ४०० आणि कॅनिंगचे ३००. म्हणजे वाशीचा भाव ८०० च्या वर आहे तोवर पेटी भरायची, त्याच्या खाली गेला की कॅनिंग. या ८०० मध्ये मार्चमधले ४००० कुठेही नाहीत, आणि पहिल्या पानावरचे १३०० सुद्धा नाहीत.

वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर ८०० लिहून खाली रेघ मारली. ९०० ने दोन गाड्या गेल्या. तिसऱ्या वेळी दलालाने फोनवर ७५० सांगितलं. अण्णांनी वहिनींकडे बघितलं, आणि त्या दिवशीचा माल कॅनिंगच्या क्रेटमध्ये भरायला सांगून ते झाडाखाली गेले.